दुपारी ऊन फुकट असताना कोळशाचा संच बंद का करत नाहीत?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. तिथून पूर्वेला, तापीच्या खोऱ्यातच भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी सौर पॅनेल पूर्ण जोमात असतात, तरी दीपनगरच्या चिमणीतून धूर निघताना दिसतो. मग कुणीतरी विचारतंच : "भाऊ, ऊन फुकट वाया जातंय अन् तुम्ही कोळसा कशाला जाळताय? दुपारी बंद करा, संध्याकाळी पेटवा."

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर "सरकारी कारभार, दुसरं काय" इतकं सोपं नाही. कोणता संच कोणत्या तासाला चालू ठेवायचा आणि कोणता बंद, हे ठरवण्याच्या गणिताला वीज क्षेत्रात 'युनिट कमिटमेंट' म्हणतात. एकदा संच पेटवला की पुढचे काही तास त्याला बांधून घ्यावं लागतं, आणि विझवला की पुढचे काही तास तो हाताशी नसतो. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. पुढे घोटाळा नको म्हणून या लेखात वीज बनवणाऱ्या यंत्राला 'संच' म्हटलं आहे, आणि 'युनिट' म्हणजे फक्त मीटरवरचं युनिट, एक किलोवॉट-तास.

आधी नेहमीची पद्धत पाहू. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवतात. त्यासाठी केंद्रांची एक उतरंड असते. इंधनाचा दर ज्याचा सगळ्यात कमी त्याची वीज आधी घ्यायची, मग त्याहून महाग, मग त्याहून महाग. याला 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. खान्देशातल्या स्थानिक पानांवर अधूनमधून "मागणी घटल्याने संच बंद" अशी बातमी येते, ती या उतरंडीचीच. मागणी खाली आली की वरचा महाग संच आधी बाहेर पडतो.

ही उतरंड चालू असलेल्या संचांत वीज वाटून द्यायला उत्तम आहे. मात्र कोणता संच चालू असावा हे ठरवायला ती अपुरी पडते, कारण ती एका वेळी एकच घडी बघते. दुपारी दोनला ती म्हणेल, "हा संच नको." चारला म्हणेल, "हा संच हवा." या दोन वाक्यांच्या मधल्या दोन तासांत बॉयलरचं काय होतं, हे तिला माहीत नसतं.

ते आपण पाहू. कोळशाच्या संचाला बटण नसतं. थंड बॉयलरमध्ये नुसता कोळसा पेट घेत नाही. आधी तेलाचे बर्नर लावून भट्टी तापवावी लागते, वाफेचा दाब आणि तापमान चढवावं लागतं, मग त्या वाफेवर टर्बाइन हळूहळू फिरवून मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं आणि मग जनरेटर ग्रिडच्या तालाशी जुळवून जोडावा लागतो. जोडल्यावरही लगेच पूर्ण वीज मिळत नाही. भार पायरीपायरीने वाढवतात आणि मगच तेल काढून सगळं कोळशावर येतं. टर्बाइनचा दांडा आणि त्याभोवतीचं जाड कवच सारख्या वेगाने तापत नाहीत, म्हणून सारखे वाढत नाहीत. घाई केली तर फिरतं पातं स्थिर भागाला घासेल किंवा जाड धातूला आतून चिरा पडतील. उलटही खरं आहे. संच नुकताच बंद केलेला असला तर टर्बाइनचा धातू अजून तापलेला असतो, आणि त्यावर त्याहून थंड वाफ सोडणं हे गरम काचेवर पाणी ओतण्यासारखं. म्हणून बंद केल्यावर वाटेल तेव्हा परत फिरवता येत नाही. बंद असतानाही दांडा सावकाश फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर स्वतःच्या वजनाने त्याला बाक येतो.

यातून तीन बंधनं येतात. संच पेटवायला मोठा एकरकमी खर्च येतो. पेटवला की किमान काही तास चालवावा लागतो, विझवला की किमान काही तास बंद ठेवावा लागतो. आणि चालू असताना ठरावीक पातळीच्या खाली तो उतरत नाही, कारण कमी कोळशावर भट्टीतली ज्वाळा अस्थिर होते. आपल्याकडे नियमांनी ही खालची पातळी साधारण क्षमतेच्या ५५ टक्क्यांवर धरली आहे. म्हणजे ५०० मेगावॉटचा संच चालू असेल तर तो किमान २७५ मेगावॉट देणारच, कुणाला हवी असो वा नसो.

पेटवण्याच्या खर्चाचा अंदाज यावा म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या भरपाईच्या नियमांत धरलेले तेलाचे आकडे पाहा. संच दहा तासांच्या आत परत पेटवला तर तो 'हॉट स्टार्ट', दहा ते बहात्तर तासांत 'वॉर्म', त्यापुढे 'कोल्ड'. ५०० मेगावॉटच्या संचाला हॉट स्टार्टसाठी ३० किलोलिटर, वॉर्मसाठी ५० आणि कोल्डसाठी ९० किलोलिटर तेल धरलं आहे. एक किलोलिटर म्हणजे हजार लिटर. गरम असताना पेटवायलाही तीस हजार लिटर तेल लागतं, म्हणजे रस्त्यावर दिसणारे मोठे टँकर एकाहून जास्त रिकामे करावे लागतील.

आता एक दिवस आकड्यांनिशी सोडवून पाहू. संचांची मापं दीपनगरला आहेत तशीच घेतो : मोठा ६६० मेगावॉट, मधला ५००, छोटा २१०. दर मात्र समजण्यापुरते मी गोल धरले आहेत. मोठ्याचं युनिट ३ रुपयांना, मधल्याचं ३ रुपये ४० पैशांना, छोट्याचं ४ रुपये २० पैशांना. खालच्या पातळ्या अनुक्रमे ३६०, २७५ आणि ११५ मेगावॉट. आणि असं समजू की या तिघांनाच एका भागाची मागणी भागवायची आहे. खऱ्या ग्रिडमध्ये खान्देश असा वेगळा कापलेला नसतो, देशाचं जाळं एकच आहे. पण तीन संचांत जे दिसतं तेच तीनशे संचांत घडतं, फक्त तिथे ते नजरेत मावत नाही.

सौर आणि पवनची वीज वजा करून उरलेली मागणी अशी धरू. रात्री अकरा ते सकाळी सहा ८०० मेगावॉट. सहा ते नऊ १०५०. नऊ ते चार, ऊन असताना, ६००. चार ते रात्री अकरा पुन्हा १०५०.

रात्रीपासून सुरू करू. ८०० साठी नुसती उतरंड म्हणेल : मोठा पूर्ण ६६०, उरलेले १४० मधल्याकडून. पण मधला २७५ च्या खाली उतरत नाही. म्हणून मोठ्यालाच ५२५ वर आणावं लागतं आणि मधला २७५ देतो. स्वस्त संच मागे सारून महागाला जागा करून द्यावी लागली. तासाला खर्च झाला २५ लाख १० हजार. मधल्याऐवजी छोटा लावला असता तर मोठा ६६० आणि छोटा १४०, खर्च २५ लाख ६८ हजार. म्हणजे रात्री मोठा अधिक मधला हीच जोडी बरी, आणि सकाळच्या १०५० ला तर ती हवीच.

खरी गोष्ट नऊ वाजता सुरू होते. मागणी ६०० वर आली. दोघंही आपापल्या तळाला आणले तरी ३६० आणि २७५ मिळून ६३५ होतात. ३५ मेगावॉट जास्तच. दोघांना चालू ठेवायचं तर तेवढी सौर वीज सोडून द्यावी लागेल. सात तासांत ती होते २ लाख ४५ हजार युनिटं. चावडीवरचा प्रश्न नेमका इथे येतो : मधला बंद करा ना! मोठा एकटा ६०० देऊ शकतो, ऊनही वाया जात नाही.

मधला बंद केला तर वाचतं किती? पहिल्या नजरेला वाटतं, तो तळाला चालताना तासाला ९ लाख ३५ हजारांचा कोळसा खातो, सात तासांत पासष्ट लाख, तेवढे वाचले. तसं नाही. त्याच्या २७५ पैकी २४० मेगावॉट आता मोठ्याने जास्त बनवायचे आहेत आणि त्यालाही ३ रुपये दराने कोळसा लागतो, तासाला ७ लाख २० हजारांचा. उरलेले ३५ तेवढे उन्हाने फुकट दिले. म्हणजे खरी बचत तासाला २ लाख १५ हजार, सात तासांत १५ लाख ५ हजार.

आणि चार वाजता तो परत पेटवायला? सात तास बंद म्हणजे हॉट स्टार्ट, ३० किलोलिटर तेल. लिटरला ७० रुपये धरले तर नुसत्या तेलाचे २१ लाख. त्यात पेटवताना जळणारा कोळसा, पंप-पंख्यांना लागणारी वीज आणि यंत्राची झीज मिळून आणखी ९ लाख धरू. एकूण ३० लाख. पंधरा लाख वाचवायला तीस लाख खर्च. म्हणून दुपारी ऊन सोडून देऊनही धूर काढत राहणं स्वस्त पडतं. पर्यावरणाच्या अंगाने हे टोचतं, मलाही टोचतं, पण रुपयांचा हिशेब असाच आहे.

मग किती तास बंद राहिला तर परवडेल? ३० लाखांना तासाच्या २ लाख १५ हजारांनी भागा, जवळपास १४ तास येतात. पण थांबा. दहा तास उलटले की तो 'हॉट' राहत नाही. वॉर्म स्टार्टला ५० किलोलिटर लागतं, म्हणजे तेलाचे ३५ लाख आणि वरचे ९, एकूण ४४ लाख. आता बरोबरी गाठायला साडेवीस तास लागतात. आपण चौदा तासांच्या खुणेकडे चालत होतो, तोवर खूणच पुढे सरकली. संच जितका वेळ बंद, तितका तो निवतो, आणि जितका निवतो तितका पेटवायला महाग. पेटवण्याचा खर्च ठरावीक आकडा म्हणून लिहिणारी गणितं इथे चुकतात आणि मधल्या अंतराचे निर्णय, बारा-पंधरा तासांचे, हमखास फसतात.

एवढं होऊनही पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी नऊला बंद करण्यात दुसरी अडचण होतीच. समजा या संचाचा किमान बंद काळ आठ तासांचा आहे. नऊला बंद केला तर पाचच्या आधी मिळणार नाही, आणि मागणी चारलाच उडी घेते. त्या तासाला मोठा ६६० देईल, ३९० कमी पडतील. छोटा आधीच पेटवून ठेवला असता तर त्याचे २१०, तरी १८० चा खड्डा उरतोच. तो बाजारातून विकत घ्या, नाहीतर कुठलेतरी फीडर बंद करा. नऊ वाजता घेतलेला निर्णय खरं तर चार वाजताचा असतो.

असा खड्डा बुजवायला पाण्याची वीज सोन्यासारखी. कोयनेचे संच मिनिटांत चालू होतात, त्यांना तेल लागत नाही आणि किमान काळाची अटही जवळजवळ नसते. पण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणी वाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. आज संध्याकाळी वापरलेलं पाणी मे महिन्यात नसतं. त्यामुळे पाणी फुकट दिसलं तरी गणितात त्याला किंमत लावावी लागते : आज वापरलं तर पुढे कोणती महाग वीज त्याच्या जागी घ्यावी लागेल, ती किंमत.

आपल्या उदाहरणात ३५ मेगावॉट ऊन सोडावं लागलं त्यावर दोन उपाय आहेत. पहिला केंद्राच्या आतला. संचांची खालची पातळी ५५ वरून ४० टक्क्यांवर आणायची. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३ मध्ये कोळशाच्या संचांसाठी ही दिशा नियमात घातली आहे आणि ती टप्प्याटप्प्याने गाठायची आहे. मधला २०० पर्यंत उतरू शकला तर दुपारी मोठा ४०० आणि मधला २००, बरोबर ६००. ऊन वाया जात नाही, आणि दोघांना चालू ठेवण्याचा जादा खर्च तासाला फक्त ८० हजार राहतो. सात तासांचे साडेपाच-पावणेसहा लाख, पंधरा लाखांऐवजी. कागदावर हे झकास दिसतं. प्रत्यक्षात संच जितका खाली चालतो तितका दर युनिटामागे कोळसा जास्त खातो, फार खाली ज्वाळेला तेलाचा आधार द्यावा लागू शकतो, आणि रोज वर-खाली केल्याने बॉयलरच्या नळ्या लवकर थकतात. मी प्रत्येक संचाला एकच दर धरला आहे, तो सोयीसाठी. खऱ्या गणितात चालू असल्याचा ताशी खर्च वेगळा आणि त्यावर प्रत्येक युनिटाचा वेगळा लिहितात.

दुसरा उपाय शेताच्या बांधावरचा. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण चार किलोवॉट ओढतो. ३५ मेगावॉट म्हणजे असे पावणेनऊ हजार पंप. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एवढे पंप शोधायला लांब जावं लागणार नाही. हे पंप रात्रीऐवजी दुपारी सात तास चालले तर दुपारची मागणी ६३५ होते, दोन्ही संच आपल्या तळाला बसतात आणि सगळं ऊन वापरलं जातं. शिवाय रात्रीची मागणी ८०० वरून ७६५ वर येते, मोठा संच ३५ मेगावॉट कमी बनवतो आणि तासाला १ लाख ५ हजारांचा कोळसा वाचतो. सात तासांचे ७ लाख ३५ हजार, रोजचे, एकही यंत्र न बदलता. दिवसा शेतीला वीज देण्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेची चर्चा बहुतेक वेळा रात्री पाणी भरायला जाण्याच्या त्रासापाशी थांबते. तो त्रास खराच आहे, साप-बिबट्याची भीती खरी आहे. पण भार प्रेषण केंद्रात बसलेल्या माणसालाही ते पंप दुपारीच हवे असतात.

आता हाच हिशेब पावसाळ्यात उलटा फिरतो, ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्टची झड लागली, पंप बंद, पंखे-कूलर बंद, आणि ब्राह्मणवेलला वारा भरपूर. समजा उरलेली मागणी दिवसाचे सतरा तास ५०० आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सात तास ८००, आणि अशी स्थिती तीन दिवस राहणार. मोठा आणि मधला ठेवले तर ५०० च्या तासांत दोघं तळाला ६३५ देतात, १३५ मेगावॉट वारा सोडावा लागतो, खर्च तासाला २० लाख १५ हजार. मधल्याच्या जागी छोटा लावला तर मोठा ३८५ आणि छोटा ११५, खर्च १६ लाख ३८ हजार. ८०० च्या तासांत मात्र छोटा थोडा महाग पडतो, तासाला ५८ हजारांनी. सतरा तास ३ लाख ७७ हजारांनी वाचवून आणि सात तास ५८ हजारांनी गमावून दिवसाला निव्वळ ६० लाख उरतात, तीन दिवसांत १ कोटी ८० लाख. यातून मधला बहात्तर तासांच्या आत परत पेटवण्याचे ४४ लाख वजा करा. छोटा थंड अवस्थेतून पेटवायलाही तेवढेच धरा : त्या मापाच्या संचाला कोल्ड स्टार्टचं तेल ५० किलोलिटर आहे. तरी ९२ लाख शिल्लक.

छोट्याचं युनिट मधल्यापेक्षा ऐंशी पैशांनी महाग आहे. दराच्या उतरंडीत तो सगळ्यात शेवटी. तरी त्या तीन दिवसांत तोच चालवणं योग्य, कारण त्याचा तळ ११५ आहे आणि मधल्याचा २७५. उतरंडीत दर दिसतो, तळ दिसत नाही. माझ्या मते युनिट कमिटमेंट समजावताना पेटवण्याच्या खर्चावर जरा जास्तच भर दिला जातो. ऊन-वारा वाढलेल्या ग्रिडमध्ये खरा खलनायक बहुतेक वेळा हा तळ असतो.

तीन संचांचं आपण हाताने केलं. पण शक्यता किती होत्या? प्रत्येक संच प्रत्येक तासाला चालू किंवा बंद, म्हणजे तीन संच आणि चोवीस तासांसाठी बहात्तर वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा. सत्तेचाळीसवर वीस शून्यं येतील इतके आराखडे. त्यातले बहुतेक किमान काळाच्या अटींनीच बाद होतात, तरी उरलेलेही एकेक करून तपासता येण्यासारखे नाहीत. एक-दोन पिढ्यांपूर्वीचे अभियंते संचांची प्राधान्य यादी करून, वर-खाली करत, अनुभवाने जुळवत. पुढे गणिताच्या निरनिराळ्या युक्त्या आल्या. आज चालू-बंद हे १ आणि ० अशा आकड्यांनी लिहितात, "आता चालू केलास तर पुढचे इतके तास १ च राहील" अशा अटी समीकरणांत घालतात आणि संगणकाला सोडवायला देतात. अमेरिकेतल्या पीजेएम या मोठ्या ग्रिडने २००० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बाजारासाठी स्वीकारली आणि नंतर तीच रूढ झाली.

संगणक उत्तराबरोबर एक फरकही सांगतो : सापडलेला आराखडा सर्वोत्तमापेक्षा जास्तीत जास्त किती टक्क्यांनी महाग असू शकेल. तो शून्यावर यायला कधी फार वेळ लागतो, म्हणून अर्धा-पाव टक्का उरला की थांबतात. त्यामुळे तोच प्रश्न दोनदा सोडवला तर संचांची नावं थोडी बदललेली दिसू शकतात, खर्च मात्र जवळजवळ तोच. ज्या केंद्राचा संच या पाव टक्क्यात बंद राहिला त्यांना हे पटवणं अवघड जातं, आणि त्यांची तक्रार चुकीचीही नसते.

आराखडा बिघडला आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याचा शेवटचा तास बघायचा. गणिताला फक्त मध्यरात्रीपर्यंतचं दिलं असेल तर उद्याची सकाळ त्याच्या लेखी नसतेच. मग अकराच्या सुमाराला संच पटापट बंद केलेले दिसतात, कारण परत पेटवण्याचा खर्च त्याच्या वहीत येत नाही. म्हणून एका दिवसाचा आराखडा करायला दोन-तीन दिवसांची मागणी देतात आणि त्यातला पहिलाच दिवस वापरतात. सुरुवातीचंही तसंच. आज सकाळी कोणता संच किती तासांपासून चालू किंवा बंद आहे हे नीट भरलं नाही, तर गणित कालच रात्री विझवलेला संच आज पहाटे पेटवायला सांगेल, किंवा थंड संचाला गरम समजून स्वस्तात पेटवेल.

आणि हे सगळं आदल्या दिवशी, अंदाजावर ठरवायचं असतं. ६०० ची मागणी धरली आणि दुपारी तीनला साक्रीवर ढग आले, तर ती मिनिटांत ७०० होऊ शकते. आपल्या उदाहरणात नऊला मधला बंद केला असता तर मोठ्याकडे फक्त ६० मेगावॉटची जागा उरली असती. दोघं तळाला चालू असताना तीच जागा ५२५ ची आहे. ही मोकळी जागा, राखीव म्हणून, गणितात वेगळी अट घालून मागावी लागते. नाही मागितली तर संगणक सगळ्यात स्वस्त आराखडा देतो, म्हणजे सगळे संच काठोकाठ भरलेला, आणि पहिल्या ढगालाच तो कोलमडतो. राखीव किती ठेवायची हे ढगांच्या अंदाजावर आणि सगळ्यात मोठा संच अचानक बंद पडला तर काय, यावर ठरतं. आपल्या तिघांत तो संच ६६० चा आहे. तो पडला तर उरलेले दोघं मिळून ७१० देऊ शकतात, पण छोटा थंड पडलेला असेल तर त्या क्षणी हातात फक्त मधल्याचे ५०० असतात. बाकीच्यासाठी देशाच्या जाळ्याकडे बघावं लागतं.